ओट्यावरचं बटर

आईनं टोस्ट अर्धा खाल्ला, उरलेला ताटलीत ठेवला आणि त्यावर चहाची बशी पालथी घातली. इतकंच घडलं होतं. मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे आठ, कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलेलं. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिनं पानात काही टाकलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. मी विचारलं, "काय गं, गरम करून देऊ का?" तर म्हणाली, "नको, भरलं पोट." आणि पेपर उघडला. बशीखालून टोस्टचा एक कोपरा बाहेर डोकावत होता. त्यावर माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या नातवानं, सुरीनं हलक्या हातानं अगदी कडेपर्यंत लावलेलं बटर दिसत होतं.

मुलगा डब्लिनहून महिनाभराच्या सुट्टीवर आला होता. येताना माझ्यासाठी त्यानं बटर ठेवायचं भांडं आणलं होतं. तळाला पांढरी चिनीमातीची लांबट ताटली, वर जाड काचेचं पेटीसारखं झाकण. तिकडे म्हणे प्रत्येकाच्या ओट्यावर असं एक भांडं असतंच. बटर फ्रीजमध्ये कशाला ठेवायचं, दगडासारखं होतं, पावाला लावताना पाव फाटतो. खरंच आहे ते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मिठाच्या बटरचा एक तुकडा त्यात ठेवला, झाकण घातलं, आणि भांडं खिडकीच्या बाजूला, उजेडात छान दिसेल असं मांडलं. मी म्हटलं, अरे, पुण्याचा उन्हाळा आहे. तर म्हणाला, "आई, मीठ असतं की त्यात. मिठानं टिकतं." मला ते त्या क्षणी बरोबरच वाटलं. निम्मं बरोबर होतंही.

त्या निम्म्यानंच पुढे मला महिनाभर छळलं.

छळण्याचं कारण असं की बटरचा वास घेणं हे माझं काम होतं. सव्वीस वर्षं मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. रोज सकाळी नमुने यायचे. लांब नळीसारख्या सुरीनं गाभ्यातून काढलेला बटरचा दांडा आधी नाकाखालून न्यायचा, मग चिमूटभर जिभेवर ठेवायचं, टाळूला लावून वितळू द्यायचं, थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, पुढचा नमुना. यंत्रं होती, रसायनं होती, पण पहिला निकाल नाकाचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली असली तरी आपलं नाक शाबूत आहे असं मी गृहीत धरून होते. आणि तीन आठवडे रोज ते बटर मी खात होते. मला काही कळलं नाही, आईला कळलं, आणि ती बोलली नाही. यातलं नेमकं काय जास्त लागलं ते मला अजून सांगता येत नाही.

आई आत गेल्यावर मी काचेचं झाकण उचललं. वास घेतला. बटरचा, मिठाचा, थोडा कालच्या पावाचा. विशेष काही नाही. मग सुरीनं मधोमध कापलं. बाहेरचा थर गडद पिवळा, किंचित पारदर्शक, मेणासारखा, आणि आतला गाभा फिकट. हा फरक पाहून बटर बिघडलं म्हणायची घाई लोक करतात, पण नुसत्या रंगावरून तसं म्हणता येत नाही. वरच्या थरातलं पाणी उडून गेलं की तिथला पिवळेपणा दाट दिसतो, अगदी उत्तम बटरचासुद्धा. रंग एवढंच सांगतो की या थराला हवा लागली आहे. हवेनं पुढे काय केलं ते त्याला माहीत नसतं.

म्हणून मी गडद थराचा एक चमचाभर भाग खरवडून स्टीलच्या लहान वाटीत घेतला आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. थंड बटर आपला वास धरून ठेवतं, कोमट झालं की सोडतं. दोन-तीन मिनिटांत वितळलं, वर सोनेरी स्निग्धांश आला आणि तळाशी पांढुरका गढूळ पाण्याचा थर बसला. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते सगळं खालच्या पाण्यात जातं. त्यामुळे वरून चमच्याच्या टोकावर थेंबभर घेतलं की मिठाच्या बटरची बिनमिठाची चव हाती येते. प्रयोगशाळेत शिकलेली ही सगळ्यात उपयोगी युक्ती असेल, आणि तिला लागतं काय तर एक वाटी. तो थेंब मी जिभेवर ठेवला.

शाळेतल्या मेणाच्या खडूंचा डबा उघडल्यावर येतो तसा वास आधी आला. मग भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखी चव. आणि गिळल्यावर घशाच्या मागच्या बाजूला बारीक खवखव, जुन्या खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा चावल्यावर होते तशी. खवट. शंकाच नाही. इतके दिवस मीठ पुढे येऊन जिभेशी बोलत होतं आणि मागे हे चाललं होतं.

खवट हा शब्द आपण एका गोष्टीसाठी वापरतो, पण बटरच्या बाबतीत त्याखाली दोन वेगळे बिघाड असतात आणि दोघांचे रस्ते वेगळे आहेत. एक पाण्यातून येतो, एक हवेतून. मुलाला हे मी ज्या पद्धतीनं सांगितलं तसंच इथे सांगते.

शंभर ग्रॅम बटर घेतलं तर त्यात किमान ऐंशी ग्रॅम दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी सोळा ग्रॅमपर्यंत चालतं. आपल्याला बटर एकजीव दिसतं, प्रत्यक्षात ते पाण्याच्या असंख्य थेंबांनी भरलेलं असतं, आणि चांगल्या बनवलेल्या बटरमध्ये हे थेंब केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतात. जिवाणूंना वाढायला पाणी लागतं, दुधातली साखर, प्रथिनं लागतात, आणि हे सगळं त्या थेंबांतच असतं. आता त्या शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅम मीठ घाला. दोन टक्के म्हणजे काही फार नाही असं वाटतं. पण ते दोन ग्रॅम शंभर ग्रॅममध्ये पसरत नाहीत, सोळा ग्रॅम पाण्यातच जाऊन बसतात. म्हणजे त्या थेंबांतलं पाणी जवळजवळ अकरा टक्के खारट होतं, समुद्राच्या पाण्याच्या तिप्पट. त्यात बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवण्यामागे जे आहे तेच इथे आहे. बिनमिठाच्या, म्हणजे अळणी बटरमध्ये हा पहारा नसतो. थेंब एकमेकांपासून तुटलेले असतात, एका थेंबातला जिवाणू दुसऱ्यात सहज जाऊ शकत नाही, एवढाच काय तो आडोसा. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो आडोसाही जातो. दुधाचा स्निग्धांश बत्तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो, आणि एकदा तसं झालं की बारीक थेंब एकत्र येऊन तळाशी पाण्याचं चक्क तळं साचतं. पुन्हा थंड करून घट्ट केलं तरी ते थेंब जागेवर जात नाहीत.

जिवाणूंना वाट मिळाली की त्यांचे आणि दुधाचे विकर स्निग्धांश तोडायला लागतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल नावाची एक लहानशी साखळी असते. हे नावच बटरच्या लॅटिन नावावरून पडलं आहे. स्निग्धांशात बांधलेलं असेपर्यंत तिला काही वास नसतो, सुटी झाली की बाळानं दूध ओकलेल्या दुपट्याचा वास. जुन्या कडक चीजलाही हाच वास असतो आणि तिथे तो लोकांना आवडतो. शेंगदाण्याचं तेल कितीही जुनं झालं तरी त्याला असा वास येणार नाही, कारण त्यात ही साखळी मुळात नसते. म्हणजे बटरला आंबट, चीजसारखा, ओकारीसारखा वास आला तर समजावं की पाण्याच्या वाटेनं बिघडलं. आणि जुन्या तेलाचा, मेणाचा, पुठ्ठ्याचा, रंगाच्या डब्याचा वास आला तर हवेच्या वाटेनं.

या दुसऱ्या वाटेवर मीठ उभंच नसतं.

हवेतला प्राणवायू थेट स्निग्धांशाला धरतो. त्याला पाणी नको, जिवाणू नकोत. त्याला मदत लागते ती उष्णतेची आणि उजेडाची. सर्वसाधारण अंदाज असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की हे काम दुप्पट वेगानं होतं. उजेडाचं तर विचारूच नका. दुधात रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व असतं, ते उजेड शोषून घेतं आणि प्राणवायूला स्निग्धांशावर सोडतं. म्हणून बऱ्याच बटरचं वेष्टन चकचकीत पत्र्यासारखं असतं. तांब्याचा अंश लागला तरी हे काम वेग घेतं. माझ्या आजीकडे सदाशिव पेठेतल्या वाड्यात लोण्यासाठी पितळेची लोटी होती. तिची कल्हई उडाली की आजी त्यात लोणी ठेवायची नाही, दगडीतच ठेवायची. कल्हईवाला बोळात आला की सगळ्यात आधी ती लोटी बाहेर जायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. पितळेत तांबं असतं आणि तांबं लोण्याला खवट करतं हे मला प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशी डब्यातली पोळी खाताना एकदम ती लोटीच डोळ्यांपुढे आली होती.

प्रयोगशाळेत हवेच्या वाटेचा बिघाड आम्ही एका निळ्या रंगावरून मोजायचो. बटर वितळवून गाळलेला स्निग्धांश आम्लात आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, पोटॅशियम आयोडाइड घालायचं, मिनिटभर अंधारात ठेवायचं, पाणी घालायचं, मग स्टार्चचे थेंब. खवटपणाची सुरुवात झालेली असेल तर बाटली निळी-जांभळी व्हायची. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत तो निळा रंग घालवायचा, आणि किती थेंब लागले ते लिहायचं. शेवटच्या थेंबाला निळा रंग जातो तो क्षण मला फार आवडायचा. पण त्या आकड्याची एक मर्यादा आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. जे पहिलं तयार होतं, पेरॉक्साइड, त्याला स्वतःचा वास नसतो. वास येतो ते मोडून पडल्यावर. त्यामुळे आकडा मोठा असूनही बटर छान लागतं असे दिवस असतात, आणि पुढे बटर तोंडात घालवत नाही तेव्हा आकडा उतरलेला असतो. म्हणून आधी नाक, मग बाटली, मग पुन्हा नाक.

हे सगळं माहीत असून ओट्यावर काय चुकत होतं ते पाहायला मला वेळ लागला, कारण मी भांड्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मुलगा दर तीन-चार दिवसांनी बटर संपत आलं की नवा तुकडा कापून जुन्यावर ठेवायचा. तीन आठवड्यांत भांडं एकदाही पूर्ण रिकामं झालं नव्हतं, घासलं गेलं नव्हतं. तळाशी पहिल्या दिवसाचं बटर होतं. काचेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुसट पिवळा हात लागलेला होता, त्याचा वास घेतला तर तिथे खडूंचा डबा चांगलाच उघडा होता. आणि हवेची वाट अशी असते की ती एकदा सुरू झाली की स्वतःलाच वेग देते. खवट झालेला थोडासा स्निग्धांश ताज्याच्या शेजारी ठेवला तर ताजं लवकर जातं. विरजण लावल्यासारखंच आहे ते. आम्ही रोज ताज्या बटरला खवट विरजण लावत होतो, वर काचेतून ऊन देत होतो.

मुलाला वाटी दाखवली, थेंब चाखायला दिला. त्याचा चेहरा पडला. "मग तिकडे कसं टिकतं गं?" तिकडे त्याच्या स्वयंपाकघरात वर्षाचा बहुतेक काळ सतरा-अठरा अंश असतात, खिडकीतून येणारा उजेड तो कसला, आणि चार माणसं दोन दिवसांत पाव किलो संपवतात. खोलीचं तापमान हा शब्द सगळीकडे एकच दिसतो, पण ज्या देशात तो लिहिला त्या देशाचं ते तापमान असतं. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा लोकांना एक-दोन दिवसांत संपेल तेवढंच बटर बाहेर ठेवायला सांगतं, आणि त्यांची खोली वीस-बावीस अंशांची. त्या दिवशी दुपारी दोन वाजता मी ओट्यावर तापमापक ठेवला. एकतीस.

तो परत गेल्यावर, एप्रिलमध्ये, मी चार वाट्या मांडल्या. त्याच्यासाठी म्हणून सुरू केलं, पण खरं तर मला माझं नाक तपासायचं होतं. प्रत्येकीत पन्नास ग्रॅम. एकीत घरचं लोणी, आदल्या दिवशी साय विरजून घुसळलेलं, तीनदा गार पाण्यानं धुतलेलं. दुसरीत विकतचं अळणी बटर. तिसरीत विकतचं मिठाचं, त्या काचेच्या झाकणाखाली खिडकीशी. चौथीत तेच मिठाचं, पण झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फडताळात सगळ्यात खाली, पोळ्यांच्या डब्यामागे. दुपारी ओट्यावर चौतीस, पहाटे सव्वीस. रोज सकाळी साडेसहाला, चहा घ्यायच्या आधी, मी प्रत्येकीचा वास घेत होते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत होते.

लोण्यानं दुसऱ्या संध्याकाळीच आंबट वास धरला, तिसऱ्या सकाळी चीजचा. ते कितीही धुतलं तरी त्यात ताक राहतंच, आणि घरी रवीनं घुसळलेल्या लोण्यात पाण्याचे थेंब मोठे, एकमेकांत मिसळलेले असतात. अळणी बटर तीन दिवस अगदी स्वच्छ होतं. चौथ्या दुपारी ते वितळून खाली बसलं, तळाशी पाणी दिसायला लागलं, पाचव्या दिवशी त्या पाण्याला आंबूस वास आणि सहाव्या दिवशी दुपटं. खिडकीतल्या मिठाच्या बटरला एकदाही आंबट वास आला नाही. मुलाचं मीठ आपलं काम चोख करत होतं. पण सहाव्या दिवशी त्याचा वरचा थर गडद झाला, सातव्या दिवशी वाटी गरम पाण्यात ठेवल्यावर पुठ्ठा आला, नवव्या दिवशी गरम न करताही खोलीत उभं राहिलं तर कळत होतं. आणि फडताळातलं, तेच बटर, तेच मीठ, नवव्या दिवशी नुसतं उतरलेलं लागलं, ताजेपणा गेलेला पण खवट नाही. बाराव्या दिवशी घशात पहिली बारीक खवखव. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या हातून, एवढंच. दुसऱ्याच्या घरी दिवस मागेपुढे होतील, पण क्रम बदलायचा नाही.

या सगळ्यात बुरशीचा ठिपका एकदाच दिसला, तोही अळणी बटरवर, जिथे मी चुकून पावाचा कण लागलेली सुरी टेकवली होती. बरोबर त्या कणाभोवती. ते मी खरवडून घेतलं नाही, अख्खं टाकलं. खवट बटर चवीला नको होतं, बुरशीचं मात्र खायचंच नाही. तेव्हापासून बटरची सुरी आमच्याकडे वेगळी आहे. ती पावाला लागते, पण पुन्हा भांड्यात जायच्या आधी पुसली जाते.

आई या काळात चौथ्या खुर्चीवर बसून सगळं बघायची. तिसऱ्या दिवशी मी आंबट झालेलं लोणी टाकायला निघाले तर तिनं वाटी हातातून घेतली. बोटानं चाटून पाहिलं, आणि कढईत घालून कढवायला ठेवलं. मंद आचेवर ते आधी फसफसलं, वर पांढरा फेस आला, वाफेबरोबर तो आंबट वास घरभर झाला आणि हळूहळू विरत गेला, मग बुडबुडे मोठे आणि शांत झाले, तळाशी बेरी बदामी झाली. गाळल्यावर तूप चांगलं होतं. ताज्या लोण्याच्या तुपाइतकं नाही, पण वरणावर घ्यायला चांगलं. मला वाटलं आता खिडकीतलंही कढवेल. त्याची वाटी तिनं नुसती नाकाजवळ नेली आणि बाजूला सारली. "आंबट लोण्याचं तूप होतं," ती म्हणाली, "खवटाचं होत नाही." उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर बरीचशी जातात. हवेनं मोडलेला स्निग्धांश कढवून जुळत नाही, उलट ते तूपही लवकर खवट होतं. मला हे समजायला पदवी लागली होती. तिला आजीच्या दगडीनं शिकवलं असणार.

मग मी तिला विचारलंच. त्या दिवशी टोस्ट ठेवलास तेव्हा कळलं होतं ना तुला? ती बेरीत साखर कालवत होती. "कळलं होतं की." मग बोलली का नाहीस? थोडा वेळ चमच्याचाच आवाज. "एवढ्या लांबून आणलेलं भांडं. एवढं निगुतीनं लावून देत होता रोज. चार दिवसांनी जाणार होता." आणि बेरीची वाटी माझ्यापुढे सरकवली.

मला त्यावर राग आला होता थोडा. तीन आठवडे हिनं खवट बटर खाल्लं, शेवटच्या आठवड्यात फक्त तिला ते जाईना. मी समोर बसून खात होते, मला सांगितलं असतं तर त्याच्या नकळत भांडं घासून नवं बटर ठेवता आलं असतं. पण मला सांगायचं म्हणजे, तुझं नाक कुठे गेलं असं विचारण्यासारखं झालं असतं. तेही तिनं टाळलं असेल का? हे मी विचारलं नाही. बेरी गरम होती, साखर अजून विरघळली नव्हती, दातांखाली कचकचत होती.

आता डिसेंबर आहे. सकाळी स्वयंपाकघरात वीस अंश असतात, दुपारी पंचवीसच्या वर जात नाही. पुण्यात बटर ओट्यावर ठेवायचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत संपतो, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. भांडं पुन्हा बाहेर आलं आहे. काचेच्या झाकणाला मी आतून काही करू शकत नाही, म्हणून ते खिडकीपासून दूर, मिक्सरच्या पलीकडे, सावलीत असतं, वर घडी केलेला रुमाल. शंभर ग्रॅमच्या पाकिटातला चौथा भाग कापून ठेवते, मिठाचा. उरलेला वेष्टनासकट फ्रीजमध्ये, कांद्यापासून लांब, कारण बटर वास ओढून घेतं. संपलं की भांडं आणि झाकण गरम पाण्यानं, साबणानं घासून, कोरडं करून, मगच पुढचा तुकडा. अळणी बटर बाहेर ठेवतच नाही. केक करायच्या आधी दीड-दोन तास काढते तेवढंच.

परवा मला दोन दिवस गावाला जायचं होतं, आणि परत आले तेव्हा भांड्यात अंगठ्याएवढा तुकडा उरलेला होता. मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता, आई त्याच्याशी बोलत टोस्ट भाजत होती. तिनं रुमाल काढला, झाकण उचललं, वाकून वास घेतला. मी दारातच थांबले. "चौथा दिवस आहे याचा," ती फोनकडे बघत त्याला म्हणाली, "आज संपवायला हवं." आणि सगळाच्या सगळा तुकडा एका टोस्टवर लावला, अगदी कडेपर्यंत, आणि भांडं बेसिनमध्ये नेऊन ठेवलं.